ताबा घेण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरा: वडोदऱ्यातल्या नव्या फ्लॅटची स्नॅग लिस्ट

बिल्डरच्या ऑफिसातून फोन येतो, "फ्लॅट रेडी छे, एक वार जोई लो." मग सगळं घर मिळून रविवारी फ्लॅट बघायला जातं. रंगाचे ठिपके, कपाटाच्या कोपऱ्यावरचा ओरखडा, स्विचच्या पट्टीवर सांडलेली पुट्टी असं दिसेल ते लिहून घेतात. ही स्नॅग लिस्ट, म्हणजे बाकी राहिलेल्या कामांची यादी, लांबलचक होते, बिल्डरचा माणूस हसतमुखाने सही करतो आणि आठवड्याभरात निम्मी कामं झालेलीही असतात. पुढच्या वर्षी बेडरूमच्या भिंतीला खालून लोणा लागतो. त्या पानावर त्याचा एक शब्दही नसतो.

मी वडोदऱ्यात साइटवर काम करते. इमारत पूर्ण होत आली की फ्लॅट एकेक करून तपासायचे, बाकी कामं लिहायची, ती करून घ्यायची आणि मालकाच्या हातात चावी द्यायची, हे माझं काम. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी घरं सोडून गोत्री, भायली, अटलादऱ्याकडे फ्लॅट घेणारी आपली कितीतरी मंडळी ओळखीतून मला विचारतात, "काय काय बघायचं गं?" त्यांना मी एकच गोष्ट आधी सांगते: पहिल्या भेटीतला बराचसा वेळ पाण्याला द्या. रंग, दारं, फरशी हे सगळं नंतर बघता येतं. पाण्याचा दोष मात्र उशिरा दिसतो, आणि तो दुरुस्त करायचा म्हणजे बाकीचं चांगलं काम फोडावं लागतं. शिवाय तो शोधायला तुमच्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट उघडा लागतो. आज त्या फ्लॅटची चावी साइटवर आहे. सहा महिन्यांनी तिथे कुणी राहायला आलेलं असेल आणि छताला फॉल्स सीलिंग लागलेलं असेल.

कधी जायचं

टाकीत पाणी चढलेलं, फ्लॅटमध्ये वीज सुरू आणि नळ, फ्लश, दारं, खिडक्या बसलेल्या, एवढं झाल्यावरच जा. यातलं काही बाकी असेल तर तपासणीची तारीख पुढे ढकलायला सांगा. पाणी नसलेल्या फ्लॅटची तपासणी म्हणजे फक्त रंग बघणं. रंगाचा शेवटचा हात राहिला असेल तर बिघडत नाही, उलट बरंच. दुरुस्तीत भिंत फोडली तरी रंग एकदाच लागेल.

सकाळच्या उजेडात जा आणि दुसऱ्या दिवशीही यावं लागेल हे साइट इंजिनिअरला आधीच सांगून ठेवा. "पाणी भरून दोन दिवस ठेवायचंय, आणि खालचा फ्लॅटही बघायचाय," एवढं फोनवर सांगितलं की ते चाव्या काढून ठेवतात. मेसेजही करा, म्हणजे तारीख लेखी राहते.

सोबत न्यायच्या गोष्टी घरातल्याच आहेत: मोजपट्टी, टॉर्च, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, एक रुपयाचं नाणं, बादली आणि एक प्लॅस्टिकचा टब. विजेच्या दुकानात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तोही घ्या.

बाथरूममध्ये पाणी कसं भरायचं

आधी उतार बघा. दारापाशी बादलीभर पाणी सोडा आणि दहा मिनिटं थांबा. बाथरूमच्या फरशीचा उतार साधारण एका मीटरला १० ते १२ मिलिमीटर असतो, आणि तो नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतून पाणी जायच्या जाळीकडे, असावा लागतो. दहा मिनिटांनी कुठे डबकं उरलं असेल तर त्यात नाणं टाका. नाणं पूर्ण बुडत असेल तर ती फरशी यादीत घ्या. कमोडच्या मागचा कोपरा आणि शॉवरखालची जागा यांत हे हटकून सापडतं. उताराचा दोष फरशी काढल्याशिवाय जात नाही, म्हणून तो आत्ताच लिहायचा.

आता ट्रॅपची जाळी काढा. प्लंबरकडे रबरी बुच असतं, ते बसवून घ्या. नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली रेती भरून ती तोंडात घट्ट दाबून बसवा. दाराचा उंबरा फरशीपासून २० मिलिमीटरच्या आसपास वर असेल तर ठीक. कमी असेल तर आतल्या बाजूने ओल्या मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घाला, नाहीतर पाणी पॅसेजमध्ये येईल. मग पाणी सोडा. ट्रॅपजवळ साधारण ४० मिलिमीटर खोल झालं की दाराकडच्या टोकाला १२-१५ मिलिमीटर राहतं. सगळी फरशी पाण्याखाली आली पाहिजे, एवढं महत्त्वाचं. चार फूट बाय सात फुटांच्या बाथरूमला चार-पाच बादल्या पुरतात.

ट्रॅपजवळच्या भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. तासाभराने परत बघा. एवढ्यातच पातळी बोटभर उतरली असेल तर बहुतेक बुचच गळतंय. ते पुन्हा बसवून सुरुवातीपासून सुरू करा.

इथे आणखी एक काम करायचं, जे फार थोडे लोक करतात. तो प्लॅस्टिकचा टब पाणी भरून त्याच बाथरूममध्ये कमोडवर ठेवा आणि त्यालाही रेघ मारा. चोवीस तासांत थोडं पाणी हवेतच उडून जातं, मे महिन्यात तर चांगलंच. टबमधलं पाणी जितकं उतरेल तितकं उडून गेलं असं धरायचं. फरशीवरचं त्याहून जास्त उतरलं तर ते खाली कुठेतरी जातंय. टब ठेवला नाही तर पुढे "उन्हाळा आहे बेन, पाणी उडतं" या एका वाक्यावर वाद अडकतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रेघांपासून पाणी किती खाली गेलं ते मोजा. फरशीवरचं जास्त उतरलं असलं तरी लगेच गळती ठरवू नका. फरशीखालचा मसाला, आणि सन्क स्लॅब, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खाली उतरवलेला स्लॅब, असेल तर त्यात भरलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा, पहिल्या दिवशी पाणी पितो. म्हणून पुन्हा रेघेपर्यंत पाणी भरा आणि आणखी चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशीची घट टबाएवढीच आली तर कोबा भिजून शांत झाला. दुसऱ्या दिवशीही जवळपास पहिल्या दिवसाएवढीच घट आली तर पाण्याला वाट सापडलेली आहे.

या दोन दिवसांत खालच्या फ्लॅटचं छत, शाफ्टमधल्या पाइपांची भोकं आणि बाथरूमच्या मागच्या खोलीची भिंत खालून फूटभर, एवढ्या तीन जागा टॉर्चने बघा. टॉर्च समोरून मारू नका. छताला चिकटवून आडवा धरा, म्हणजे ओल गडद दिसते. सन्क स्लॅब असेल तर पाणी कोब्यात साठून तीन-चार दिवसांनी झिरपतं, म्हणून त्या इमारतीत आठवड्याच्या शेवटी आणखी एक फेरी मारा.

भायलीतल्या एका बाथरूमची गोष्ट

माझ्या मावसबहिणीने भायलीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिच्याबरोबर मी गेले. कॉमन बाथरूमचा उतार नीट होता, फरशी पोकळ वाजत नव्हती, ग्राउट भरलेलं होतं. वरून बघून कुणीही पसंत केलं असतं. पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी टबमधलं पाणी २ मिलिमीटर उतरलं होतं आणि फरशीवरचं २१. साइट इंजिनिअर म्हणाला, "बेन, फरशीखालचा माल पाणी पितो, थोडं तर उतरणारच." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही पुन्हा भरलं. त्यानंतरच्या चोवीस तासांत १८ मिलिमीटर उतरलं. खालच्या फ्लॅटमध्ये, ट्रॅपचा पाइप स्लॅबमधून जिथे उतरतो तिथे, पाइपाभोवती ओलं कडं दिसलं आणि संध्याकाळपर्यंत थेंब धरू लागला.

गळती आहे हे कळलं, पण पाणी नेमकं कुठून येतंय हे ठरवल्याशिवाय यादीत ओळ लिहिण्यात अर्थ नसतो. बाथरूमच्या खाली ओल येण्याच्या तीन वाटा असतात: नळाची भिंतीतली लाइन, कमोडचा पाइप, किंवा फरशी आणि ट्रॅपचा सांधा. तिन्ही वेगवेगळ्या तपासता येतात. आम्ही पाणी काढलं, फरशी पुसली आणि दोन दिवस बाथरूम वापरलं नाही, पण पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवला. लाइन गळत असती तर छत ओलंच राहिलं असतं, कारण तिच्यात दाब रात्रंदिवस असतो. छत सुकलं. मग फक्त फ्लश दहा-बारा वेळा ओढला, फरशीवर पाणी न सांडता. छत कोरडंच. पाणी पुन्हा फरशीवर भरलं तेव्हाच कडं परत ओलं झालं. म्हणजे दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या भोवती.

आमच्याकडे लाइनबद्दल शंका उरली असती तर प्लंबरकडून प्रेशर पंप लावून घेतला असता. सगळे नळ बंद करून लाइनमध्ये दाब भरायचा. गेजचा काटा तासभर जागचा हलला नाही पाहिजे.

ट्रॅपच्या भोवतालच्या चार टाइल्स काढल्यावर कारण दिसलं. पाइप आणि स्लॅबमधली फट साध्या सिमेंट-रेतीने भरली होती. ती सुकून आकसली आणि पाइपाभोवती केसाएवढी भेग पडली. वॉटरप्रूफिंगचा थरही पाइपापर्यंत न येता बोटभर अलीकडेच संपला होता. बाकीच्या फरशीखाली थर चांगला होता. पण पाणी उताराने ट्रॅपकडेच येतं, आणि नेमकी तीच जागा उघडी राहिली होती.

कडियाने, म्हणजे गवंड्याने, आधी वरून पांढरं सिमेंट घासून द्यायची तयारी दाखवली. ते चालत नाही. वरून सांधा बंद केला की पाणी फरशीखाली अडकतं आणि बाजूच्या भिंतीत चढतं. मग गळती छतावर दिसायची थांबते आणि बेडरूममध्ये दिसायला लागते. आम्ही फट खरवडून मोकळी करायला लावली, न आकसणारं ग्राउट भरून घेतलं, पाइप आणि स्लॅबच्या कोनात मसाल्याचा गोलसर वाटा काढून घेतला आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला सुकल्यावर दुसरा, जुन्या थरावर वीतभर चढवून. मग टाइल लावण्याआधीच त्या थरावर पुन्हा ४८ तास पाणी. हा टप्पा साइटवाल्यांना नकोसा वाटतो, कारण फरशीवाला दोन दिवस बसून राहतो. इथे मात्र हटू नका. टाइल लागल्यावर गळलं तर परत टाइलच फोडावी लागते. छत कोरडं राहिलं, टाइल्स लागल्या, शेवटी वरून आणखी एक दिवस पाणी भरून बघितलं आणि मगच ती ओळ बंद केली.

यादीतली ओळ कशी लिहायची

वरच्या प्रकरणात "कॉमन बाथरूम लिकेज" एवढंच लिहिलं असतं तर कुणीतरी येऊन ग्राउट घासून गेलं असतं आणि समोर "झालं" अशी खूण पडली असती. तुम्ही लिहिलेली ओळ सुपरवायझर वाचतो, तो ती ठेकेदाराला सांगतो, ठेकेदार कारागिराला सांगतो. कारागीर त्या दिवशी तुमच्याबरोबर फ्लॅटमध्ये नव्हता, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्या राज्यातला असतो. त्याला जागा सापडली पाहिजे. आणि काम झालं की नाही हे तुमच्याऐवजी तुमच्या सासऱ्यांनाही ठरवता आलं पाहिजे. आमची ओळ अशी होती:

"क्र. १४. कॉमन बाथरूम, नहाणी ट्रॅप. पाणी भरल्यावर दुसऱ्या २४ तासांत १८ मिमी घट (टबमध्ये २ मिमी). खालच्या फ्लॅटच्या छतावर पाइपाभोवती ओल. फोटो ३. काम: वॉटरप्रूफिंग, मग फरशी. बंद कधी: टाइल लावण्याआधी ४८ तास आणि नंतर २४ तास पाणी भरून खालचं छत कोरडं दिसल्यावर."

"बंद कधी" हा रकाना बाजारातल्या छापील चेकलिस्टांत क्वचितच असतो. तो तुमच्या यादीत असूच द्या. अर्धे वाद तिथेच मिटतात.

भिंतींना नावं द्यायची सोपी रीत म्हणजे दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताची भिंत "अ" आणि तिथून घड्याळाच्या दिशेने ब, क, ड. "मास्टर बेडरूम, भिंत क, जमिनीपासून २ फूट, खिडकीच्या उजवीकडे" असं लिहिलं की कुणीही शोधू शकतो. जागेवर कागदी चिकटपट्टी लावून तोच क्रमांक घाला. ताज्या रंगावर पट्टी लावू नका, काढताना रंग सोबत येतो. तिथे पेन्सिलीचा क्रमांक पुरे. काम कोणाचं, प्लंबरचं, फरशीवाल्याचं, सुताराचं की इलेक्ट्रिशियनचं, हेही प्रत्येक ओळीत लिहा. तुम्ही खोलीवार फिरता, पण साइटवर कामं कारागीरवार वाटली जातात.

यादी मराठीत लिहिली तर साइटवर कुणी वाचणार नाही. गुजरातीत किंवा साध्या इंग्रजीत लिहा, ईमेलने पाठवा आणि छापील प्रतीवर साइट इंजिनिअरची तारखेसह सही घ्या.

बाकीच्या फ्लॅटसाठी

दुसरं बाथरूम, वॉश एरिया आणि बाल्कनी यांनाही पाण्याची हीच चाचणी लावा. आपल्याकडे वॉश एरियात कपडे-भांडी दोन्ही होतात, आणि तिथे बाथरूमइतकी काळजी घेऊन वॉटरप्रूफिंग केलेलं नसतं. स्वयंपाकघराचं सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खालच्या पाइपाच्या सांध्यांना कोरडा कागद लावून बघा. हाताला न जाणवणारी ओल कागदावर दिसते.

खिडक्यांवर बाहेरून पाइपने पाणी मारायला सांगा, पाचेक मिनिटं, प्रत्येक खिडकीवर. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात. ती सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असली की पावसात पट्टी भरून पाणी आत सांडतं. बाहेरच्या दगडी पट्टीचा उतार बाहेरच हवा. आपल्याकडचा पाऊस थोड्या दिवसांत पण जोरात पडतो, त्यामुळे हा दोष पहिल्याच जुलैत अंगावर येतो.

पावसाचा विषय निघाला म्हणून: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. विजेच्या मीटरची खोली, लिफ्टचं पॅनेल आणि पाण्याचे पंप जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे खाली उतरताना बघून ठेवा. तुमच्या फ्लॅटच्या यादीत ते बसत नाही, पण सोसायटी उभी राहिली की पहिल्या बैठकीत मांडायला उपयोगी पडतं.

विजेत दोन गोष्टी सोडू नका. वितरण पेटीत गळतीचा करंट तोडणारा स्विच असतो. त्यावरचं टेस्ट बटण दाबलं की तो लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर तो बदलून घ्या, ते काम चावी घेण्याआधीच व्हायला हवं. आणि प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर लावून अर्थिंग आहे का बघा, विशेषतः गीझर आणि वॉशिंग मशीनच्या. टेस्टरवर कुठला दिवा कशासाठी हे त्याच्यावरच छापलेलं असतं.

फरशी नाण्याने टकटक करत फिरा. पूर्ण टाइल पोकळ वाजत असेल तर बदलून मागा. नुसता एखादा कोपरा वाजत असेल तर हॉल-बेडरूममध्ये मी आग्रह धरत नाही, कारण एक टाइल काढताना शेजारच्या दोन हलतात. बाथरूम, वॉश एरिया आणि दाराच्या उंबऱ्यालगत मात्र कोपराही सोडू नये. तुमच्याच शेडच्या आणि बॅचच्या पाच-सहा टाइल्स जादा मागून घ्या; दोन वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.

भेगांना घाबरू नका, पण ओळखा. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतात, त्या सुकण्याच्या आहेत आणि पुट्टीने जातात. बीम आणि भिंत जिथे मिळतात तिथली सरळ आडवी भेग बहुधा आत जाळी न लावल्याने येते. तिथे प्लास्टरची पट्टी काढून जाळी घालून पुन्हा करावं लागतं, नुसती पुट्टी भरली की एका उन्हाळ्यात परत दिसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि नखाची कड आत जाईल एवढी भेग असेल, किंवा बीम-कॉलममध्येच भेग असेल, तर बुजवू देऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत मागा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख घाला, म्हणजे ती वाढते आहे का ते कळेल.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

साइटवर रंगारी नेहमी हाताशी असतो, म्हणून यादी मिळाली की सगळ्यात आधी तोच येतो. ओलीचा डाग रंगाखाली जातो आणि तुमच्या दुसऱ्या भेटीत फ्लॅट चकचकीत दिसतो. म्हणून यादी देतानाच क्रम लिहून द्या: आधी वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंग, मग फरशी, मग सुतार आणि खिडक्या, मग वीज, शेवटी रंग. ओलीच्या भिंतीवर रंग लावण्याआधी ती सुकायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

दुसऱ्या भेटीत फक्त जुनीच यादी घेऊन फिरा आणि प्रत्येक ओळ "बंद कधी" वाचूनच बंद करा. दुरुस्ती करताना झालेली नवी नासधूस, फुटलेली शेजारची टाइल, घासलेलं दार, यांची वेगळी पुरवणी यादी करा. जुन्या क्रमांकांत नवी कामं घुसवली की कुठलं काम कधी सांगितलं यावरच घोळ होतो.

चावी आणि सही

इमारतीला बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळाली आहे का, हे चावीच्या आधी बघायचं. ती तुमच्या भागानुसार महानगरपालिकेची किंवा वुडाची, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरणाची, असते. तिची प्रत मागा आणि तुमचा टॉवर व मजला तिच्यात आहे का ते वाचा. एकाच प्रकल्पात काही टॉवरना आधी आणि काहींना नंतर परवानगी मिळते. रेरा कायदा २०१६ च्या कलम १९(१०) प्रमाणे ही परवानगी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यायचा असतो, म्हणून तपासणी लांबवत बसू नका. परवानगी आली की लगेच पाण्याच्या चाचणीची तारीख मागा.

ताबा पत्रात बहुतेक वेळा छापलेलं असतं की फ्लॅट पूर्ण समाधानाने ताब्यात घेतला, कोणतीही तक्रार नाही. कामं बाकी असतील तर त्याखाली हाताने लिहा: "सोबतच्या अमुक तारखेच्या यादीतील क्रमांक अमुक ते अमुक कामं बाकी, त्यांच्या अधीन राहून ताबा घेतला." दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत. बिल्डरच्या ऑफिसातून हे वाक्य लिहू देत नसतील तर तोच मजकूर त्याच दिवशी ईमेल करा.

कुठली कामं बाकी ठेवून चावी घ्यावी, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पाणी, वीज, बंद न होणारं दार-खिडकी आणि लिफ्ट, यांतलं काही बाकी असेल तर घेऊ नये. रंग, एखादी बिजागरी, ओरखडा, एखादी पोकळ टाइल, हे नंतर होतं. "चावी घ्या, मग आरामात करून देऊ" हे खूप ठिकाणी खरंही असतं, पण तुमचा फर्निचरवाला आत शिरला की प्रत्येक दोषावर "तुमच्या मिस्त्रीने केलं" हे उत्तर तयार असतं. बाथरूममध्ये तुमच्या माणसाने एक टाइल जरी फोडली तरी बिल्डर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी झटकतो. म्हणून फर्निचर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढून ठेवा, तारखेसह.

चावीबरोबर ताबा पत्र, बीयूची प्रत, वीज मीटर तुमच्या नावावर करायचे कागद, नळ-गीझर-मोटरची वॉरंटी कार्डं आणि पाण्याच्या व विजेच्या भिंतीतल्या लाइन कुठून गेल्या त्याचा नकाशा घ्या. शेवटचा कागद मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि पहिला खिळा ठोकताना तोच लागतो. सगळ्या इमारतीचे नकाशे आणि सामायिक जागांची कागदपत्रं बिल्डरने सोसायटीला द्यायची असतात. स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल तर रेरात त्यासाठी परवानगीपासून ३० दिवसांची मुदत आहे. तो हिशेब सोसायटीच्या नावाने वेगळा ठेवा, तुमच्या यादीत मिसळू नका.

राहायला आल्यावर

रेराचं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींत दोष दिसला आणि तुम्ही तो बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांत पैसे न घेता त्याने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते आणि गुजरात रेराकडे तक्रार करता येते. हे तीस दिवस तुम्ही दोष त्याच्या लक्षात आणून दिल्यापासून मोजायचे, म्हणून सुपरवायझरला लिफ्टमध्ये सांगू नका. ईमेल करा, फोटो लावा, आणि आपल्या जुन्या पद्धतीनेच लिहा: खोली, भिंत, उंची, काय दिसतंय, कधीपासून, "बंद कधी".

पहिल्या पावसाळ्यात, दोन-तीन मोठ्या सरी पडून गेल्या की, सगळ्या खिडक्यांखालच्या भिंती आणि बाहेरच्या भिंतींचे वरचे कोपरे टॉर्च आडवा धरून बघा. भेगांच्या टोकांवरच्या पेन्सिलीच्या खुणाही तेव्हाच तपासा. खुणेच्या पुढे भेग गेली असेल तर नवी खूण आणि नवी तारीख घाला, आणि तो फोटो दसऱ्याच्या आत बिल्डरला पाठवा, म्हणजे दुरुस्ती कोरड्या दिवसांत होईल.